राग ठेवा, ठपका काढा

परदेशातून घरी पत्र यायला एके काळी दहा-पंधरा दिवस लागत. निळ्या पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी लिहायचं, कडा चिकटवायच्या आणि टपालात टाकायचं. लिहिणाऱ्याचा राग कागदावर उतरायचा आणि पत्र पोचेपर्यंत निवायचा. आज मोबाइलवर अंगठा टेकला की निरोप दुसऱ्या क्षणी पुसदला, दारव्ह्याला, वणीला पोचतो. राग जसा निघाला तसाच ऊन-ऊन पोचतो. म्हणून आज मी एका निरोपाबद्दल बोलणार आहे. परदेशी निघालेल्या मुलीने आईवडिलांना लिहिलेला हा निरोप तिने पाठवण्याआधी पुन्हा लिहिला.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या तालुक्याच्या गावी राहतो. अर्ज, कागदपत्रं, कधी घरचं पत्र, असं काही ना काही घेऊन जुने विद्यार्थी येतात. त्यांच्यातली एक मुलगी नर्सिंग शिकून नागपूरला एका दवाखान्यात काम करत होती. जर्मनीत नर्स म्हणून जायचं तर आधी त्यांची भाषा यावी लागते. साधारण बी-टू नावाच्या पातळीची परीक्षा द्यावी लागते. ड्यूटी सांभाळून तिने ती दिली, पास झाली, नेमणूकही मिळाली. आणि घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने मोबाइलवर निरोप लिहून ठेवला होता, पण पाठवायला हात धजत नव्हता. तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं सारं वगळून तो निरोप सांगतो.

“बाबा आणि आई, माझं जर्मनीचं नक्की झालं आहे. तुम्हाला सांगून काहीच उपयोग नव्हता, म्हणून आधी सांगितलं नाही. तुम्ही नेहमी दादाचाच विचार केला. माझ्या फीसाठी शेत गहाण टाकलं हे तुम्ही चार लोकांत ऐकवत राहिलात, पण दादाच्या दुकानासाठी दीड एकर विकलं तेव्हा कोणीच काही बोललं नाही. आता तुम्हाला फक्त माझ्या लग्नाची घाई आहे. मी जाते आहे ती तुमच्यामुळेच. पैसे पाठवत जाईन, तुम्हाला तेवढंच हवं आहे. तब्येतीला जपा.”

आठ वाक्यं. त्यांतलं दुःख खरं आहे, त्याला कोणी खोटं म्हणू नये. ते तसंच राहावं आणि ठपका तेवढा कमी व्हावा, एवढंच काम होतं.

सुरुवात आम्ही व्याकरणापासून केली. मराठी मास्तर दुसरं काय करणार? तिला म्हटलं, ‘तुम्ही’ किती वेळा आलंय ते मोज. ‘तुम्ही, तुम्हाला, तुमच्यामुळे’ मिळून सहा वेळा. मग विचारलं, यातले ‘तुम्ही’ कोण? आमच्याकडे बऱ्याच घरांत वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात आणि आईला ‘तू’. पण दोघांना मिळून बोलायचं तर तेही ‘तुम्ही’च. एकट्या वडिलांचा आदरार्थी ‘तुम्ही’ आणि दोघांचा अनेकवचनी ‘तुम्ही’ कानाला सारखेच. त्यामुळे ‘तुम्ही चार लोकांत ऐकवत राहिलात’ हे वाक्य आईलाही जाऊन लागतं. मुलीला विचारलं, आई असं कधी बोलली का? ती म्हणाली, “आई? छे. आई तर त्या दिवशी माझ्यामागे आत आली होती.” म्हणजे वडिलांच्या बोलण्याचा अर्धा ठपका आईच्या माथी जात होता, आणि तोही लिहिणारीच्या नकळत. ज्याच्याशी जे बोलायचं ते त्याचं नाव घेऊन बोलावं. ‘बाबा, तुम्ही’ वेगळं आणि ‘आई, तू’ वेगळं. या एका बदलाने निरोपाचं निम्मं वजन उतरलं.

दुसरं अक्षर ‘च’. काहीच, दादाचाच, कोणीच, तुमच्यामुळेच, तेवढंच. आठ वाक्यांत पाच ‘च’. मराठीत हे एवढंसं अक्षर दार लावून घेतं. ‘तुमच्यामुळे’ म्हटलं तर आणखी कारणांना जागा उरते, ‘तुमच्यामुळेच’ म्हटलं की संपलं. ‘नेहमी’ आणि ‘फक्त’ हे त्याचेच भाऊ. ‘तुम्ही नेहमी दादाचा विचार केला’ असं वाचलं की वडिलांच्या मनात लगेच ते प्रसंग उभे राहतात, जेव्हा त्यांनी मुलीचा विचार केला होता. ते त्यांची जंत्री मांडतात. भांडण त्या ‘नेहमी’वर होतं आणि मुलीचं मूळ दुःख बाजूला पडतं.

मग ‘नेहमी’च्या जागी काय लिहायचं? एक दिवस. मी तिला म्हटलं, ऐकवत राहिले म्हणजे कधी, कुठे, कोणासमोर, ते सांग. ती सांगू लागली. आदल्या वर्षीचा पोळा. पाहुणे जेवत होते. वडील म्हणाले, पोरीच्या शिक्षणापायी वावर गहाण पडलं. ती ताट ठेवून आत गेली. आई मागोमाग आली आणि काही न बोलता शेजारी बसली. बस, एवढंच. पण ‘तुम्ही नेहमी ऐकवलंत’ यात जे नव्हतं ते या चार गोष्टींत होतं. असा दिवस वडिलांना नाकारता येत नाही, कारण तो त्यांनीही पाहिलेला असतो. आणि त्यात त्यांच्यावर शिक्काही बसत नाही, कारण आपण फक्त घडलेलं सांगतो.

घडलेलं सांगितलं की त्यापुढे आपल्याला काय झालं ते सांगावं. थॉमस गॉर्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1962 पासून पालकांसाठी वर्ग घेतले, 1970 साली त्यावर पुस्तक लिहिलं. मुलांवर ‘तू असा, तू तसा’ अशी वाक्यं फेकण्यापेक्षा ‘मला असं झालं’ हे सांगा, असं तो पालकांना शिकवी. मुलांनी आईबापांशी बोलतानाही हे तितकंच उपयोगी पडतं. मराठीला ते फार शिकवावं लागत नाही, कारण आपल्या वाक्यांची घडणच तशी आहे. ‘मला लागलं’, ‘मला बोचलं’, ‘माझ्या जिवाला लागलं’. यात लागणारी गोष्ट बोलणं असतं, आणि माणूस गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही. ‘तुम्ही मला दुखावलंत’ याला उत्तर येतं, “मी कुठं दुखावलं?” ‘मला ते फार लागलं’ याला तसं उत्तर देता येत नाही. मात्र इथे एक फसवी वाट आहे. ‘मला वाटतं की तुम्ही पक्षपाती आहात’ या वाक्याच्या आरंभी ‘मला’ असलं तरी ते ठपक्याचंच वाक्य आहे. ओळखायची खूण सोपी आहे. ‘मला वाटतं की’ एवढे शब्द काढून टाका. मागे दुसऱ्याबद्दलचा निकाल उरला तर ते वाक्य आपल्या मनाबद्दल नव्हतंच.

आता सगळ्यात अवघड वाक्य. ‘मी जाते आहे ती तुमच्यामुळेच.’ मी विचारलं, घरी सगळं गोडीगुलाबीचं असतं तर गेली नसतीस? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गेलेच असते सर. दोन वर्षं भाषा शिकत होते ती काय भांडण झालं म्हणून?” मग ते वाक्य खरं नव्हतं. ठपका कमी करायचा म्हणून ते काढलं नाही, खोटं होतं म्हणून काढलं. त्या जागी आलं, ‘जायचं मी ठरवलं आहे.’ इथेही पळवाट होती. आधी तिने सुचवलं होतं, ‘जायचं ठरलं आहे.’ मराठीत ‘ठरलं’, ‘झालं’, ‘करावं लागलं’ असं म्हणून कर्ता गायब करता येतो. पण आईवडिलांना जाणवतं की कोणीतरी ठरवलं आहे, आणि नाव न सांगितल्यामुळे ते दुसऱ्या कोणावर तरी संशय घेतात, मैत्रिणीवर नाहीतर एजंटवर. आपला निर्णय असेल तिथे ‘मी’ लिहावा. दुसऱ्याचा दोष सांगताना कर्ता मऊ करावा, आपल्या निर्णयाचा कर्ता स्पष्ट ठेवावा.

यानंतर प्रश्न आला तो निरोप वाचणार कोण याचा. हे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. तिच्या वडिलांची नजर अधू, आई अक्षर लावून-लावून वाचणारी. घरातला मोठा मोबाइल भावाकडे. म्हणजे ‘दादाचाच विचार केला’ हे वाक्य दादा स्वतःच्या तोंडाने आईवडिलांना वाचून दाखवणार होता! वाचता-वाचता त्याने ते गाळलं असतं, नाहीतर मोबाइल तिथेच आपटला असता. घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल लिहिताना तो समोर बसून ऐकतो आहे असं धरून लिहावं. तिने लिहिलं, ‘दादाला मिळालं याचं मला वाईट वाटत नाही.’ मी विचारलं, खरंच वाटत नाही? ती म्हणाली, “थोडं वाटतं.” मग ते खोडलं. खोटा गोडवा ठपक्याइतकाच वाईट, कारण घरच्यांना तो लगेच कळतो आणि मग पुढच्या खऱ्या वाक्यावरही विश्वास बसत नाही. ‘दादावर माझा राग नाही’ हे मात्र खरं होतं, ते राहिलं.

दुसरी गोष्ट, घरच्यांना पडणारे प्रश्न. पहिल्या निरोपात कधी जाणार, किती दिवस, एकटी का, फोन कधी करणार, यातलं एक अक्षरही नव्हतं. या बाबतीत मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली वैद्यक शिकायला अमेरिकेला निघण्याआधी त्यांनी 24 फेब्रुवारीला बंगालमधल्या श्रीरामपूरला लोकांसमोर भाषण केलं. तेव्हा त्यांचं वय अठराही पूर्ण नव्हतं. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी घेतले. अमेरिकेलाच का? इथे शिकता येत नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिथे काही संकट आलं तर? आजवर कोणा बाईने केलं नाही ते तू का करावंस? असे सहा प्रश्न, आणि एकेकाला उत्तर. ऐकणारे आईबाप नव्हते, परके लोक होते, तरी रीत तीच लागू पडते. समोरच्याच्या मनातली भीती आपण आधी बोलून दाखवली आणि तिला उत्तर दिलं, की त्याला विरोधाच्या रूपाने ती मांडावी लागत नाही. बऱ्याच घरी ‘जाऊ नको’ म्हणजे ‘तिथं तुझं कोण आहे?’ एवढंच असतं.

पैशांच्या वाक्याचंही तसंच. ‘तेवढंच तुम्हाला हवं आहे’ हा टोमणा होता, आणि ‘पाठवत जाईन’ हे मोघम वचन. टोमणा काढला आणि वचनाला आकार दिला. पहिले तीन महिने खोलीचं भाडं, गरम कपडे यांत जातील, तेव्हा काही पाठवता येणार नाही, हे आधीच सांगितलं. नाहीतर मार्चमध्ये गावात कोणी विचारणार, पोरीनं काय पाठवलं? आणि वडिलांजवळ उत्तर नसणार.

शेवटी एक बदल भाषेचा. निरोपात तिने ‘शेत’ लिहिलं होतं. घरी काय म्हणतेस, विचारलं. “वावर.” मग वावरच लिही. रागावलेला माणूस पुस्तकी मराठीत शिरतो आणि घरच्या माणसाला वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटतं.

आता पुन्हा लिहिलेला निरोप ऐका.

“ती. बाबा आणि आई, नमस्कार. माझं जर्मनीतल्या एका दवाखान्यात नर्सचं काम नक्की झालं आहे. 12 जानेवारीला निघायचं आहे. करार दोन वर्षांचा आहे. माझ्यासोबत नागपूरच्या आणखी दोघी आहेत. जायचं मी ठरवलं आहे. मला तिथलं काम शिकायचं आहे. आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही नको म्हटलं तर माझा पाय निघणार नाही, अशी भीती वाटत होती.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. बाबा, मागच्या पोळ्याला पाहुणे जेवत असताना तुम्ही म्हणालात की पोरीच्या शिक्षणापायी वावर गहाण पडलं. मी ताट ठेवून आत गेले. मला ते फार लागलं. दादाच्या दुकानासाठी दीड एकर विकलं, त्याबद्दल असं बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. दादावर माझा राग नाही. माझा खर्च तुम्हाला ओझं वाटला का, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. आई, त्या दिवशी तू माझ्यामागे आत आलीस आणि शेजारी बसलीस, ते माझ्या लक्षात आहे.

लग्नाचं आता बोलायला नको. करार संपला की मी स्वतः विषय काढीन.

पहिले तीन महिने पैसे पाठवता येणार नाहीत. नंतर गहाणाच्या हप्त्यापुरते दर महिन्याला पाठवीन. दर रविवारी रात्री साडेआठला फोन करीन. तेव्हा तिथे दुपारचे चार वाजलेले असतील, उन्हाळ्यात पाच. रविवारी ड्यूटी असली तर आदल्या दिवशी कळवीन.

तुमची फार आठवण येईल. थोडा रागही आहे. दोन्ही सांगून जाते आहे. तुमची मुलगी.”

हा निरोप पहिल्यापेक्षा लांब झाला. ठपका थोडक्यात देता येतो, घडलेलं सांगायला जागा लागते. राग कुठेही लपवलेला नाही. उलट पहिल्या निरोपात ‘राग’ हा शब्दच नव्हता, सगळीकडे नुसता त्याचा धूर होता.

पाठवण्याआधी तिने तो एकदा मोठ्याने वाचला, आणि दुसऱ्यांदा मी तिच्या वडिलांच्या जागी बसून मोठ्याने वाचला. हे फार उपयोगी पडतं. डोळ्यांना न दिसलेला टोमणा कानाला टोचतो. मग तो एक रात्र तसाच ठेवला आणि सकाळी पाठवला, भाऊ दुकानात जाण्याआधी घरी असतो त्या वेळी. रात्री अकराला आलेला निरोप घराची झोप घालवतो आणि तेव्हा उत्तरही धड सुचत नाही.

पुढे काय झालं? चार दिवस काही उत्तर आलं नाही. मग आईचा फोन आला, तिने थंडीचं विचारलं. वडील आणखी आठवडाभर बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले, “मी तं अभिमानानं सांगत होतो लोकाइले, का पोरीच्या शिक्षनासाठी वावर गहान टाकलं म्हनून. तुले ते लागलं?” मुलगी म्हणाली, “हो बाबा, लागलं.” एवढंच बोलणं झालं. वडिलांचं म्हणणं खरं मानायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं. माणूस नंतर आपल्या बोलण्याला बरा अर्थ देतो, हेही मला ठाऊक आहे. पण ‘तुम्ही ऐकवत राहिलात’ असं गेलं असतं तर ते वाक्य वडिलांच्या तोंडून निघालंच नसतं. दुसऱ्याच्या मनातला हेतू आपण लिहून टाकला, की त्याला आपला हेतू सांगायची जागा उरत नाही. दीड एकराचा हिशेब मात्र अजून झालेला नाही. तो एका निरोपाने होणारही नव्हता.

याला एक मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. ज्या घरात मारहाण आहे, पासपोर्ट किंवा प्रमाणपत्रं लपवून ठेवली आहेत, जबरदस्तीने लग्न लावायचा घाट आहे, तिथे निरोप मऊ करत बसू नये. तिथे आधी सुरक्षित जागी पोचावं, विश्वासाच्या माणसाला सांगावं. कारण तिथे तारीख आणि पत्ता कळवणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. मी सांगितलेली रीत जिथे दोन्हीकडे माया आहे आणि बोलणं मात्र अडलं आहे, अशा घरांसाठी आहे.

आपल्या जिल्ह्यातून आता पुष्कळ मुलं-मुली बाहेर पडताहेत, पुण्याला, हैदराबादला, काही त्याहून लांब. त्यांच्यापैकी कोणाच्या मोबाइलमध्ये असा अर्धवट निरोप पडून असेल, तर त्याने आज रात्री एवढंच करावं. त्यातले ‘च’ खुडावेत. ‘नेहमी’च्या जागी एक दिवस लिहावा. ‘तुम्ही’ म्हणजे कोण, ते पाहावं. आणि जे वाक्य खरं आहे ते कितीही जड असलं तरी राहू द्यावं.